एका बिल्डिंगच्या फ्लॅटमालकांना पाठवायचं पत्र

प्रश्न: कोल्हापुरात नागाळा पार्कातल्या चोवीस फ्लॅटच्या एका बिल्डिंगमध्ये मी एजंट म्हणून गेल्या वर्षी विक्रीचे दोन व्यवहार करून दिले. तिथले आणखी फ्लॅट माझ्याकडे विक्रीला यावेत म्हणून माझ्या सेवेची माहिती देणारं पत्र छापून वॉचमनकडून सगळीकडे वाटलं. महिना झाला, एकही फोन नाही. पत्रात काय लिहायला हवं होतं? नमुना दिलात तर बरं होईल.

उत्तर: महिन्यात फोन आला नाही यात नवल नाही. लोक फ्लॅट साधारण दहा-पंधरा वर्षं ठेवतात असं धरलं, तर चोवीस फ्लॅटांत वर्षाला दोनेक विकले जाणार. म्हणजे पत्र वाचलं त्या महिन्यात विकायला निघालेला मालक त्या बिल्डिंगमध्ये बहुधा नव्हताच. "तुमचा फ्लॅट विकायचाय का?" असं विचारणारं पत्र बाकी सगळ्यांसाठी रद्दीच. पत्र लिहायचं ते ज्याला आज विकायचं नाही त्याने कपाटातल्या फ्लॅटच्या फाइलमध्ये घालून ठेवावं म्हणून. फाइलमध्ये जातं ते त्याच्या बिल्डिंगविषयीचं आणि त्याला एरवी न मिळणारं काहीतरी. तुमचा अनुभव, ऑफिसचा पत्ता, "तत्पर सेवा" यातलं काहीही तिथे जात नाही.

दुसरी गोष्ट, एका बिल्डिंगला पत्र म्हणजे चोवीस पत्रं नव्हेत, एकच. संध्याकाळपर्यंत कुणीतरी त्याचा फोटो बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. म्हणून एकाला एक टक्का आणि दुसऱ्याला दीड टक्का दलाली लिहिली की दोघंही गेले. "आपल्याच बिल्डिंगसाठी माझ्याकडे खरेदीदार तयार आहे" हे वाक्य एजंट सर्रास घालतात. एका मालकाने फोन करून "आणा उद्या" म्हटलं आणि तुम्ही आणू शकला नाहीत, तर ते पुढच्या मीटिंगपर्यंत सगळ्या मजल्यांवर कळलेलं असतं. खरंच खरेदीदार असेल तर त्याचं बजेट, कर्ज मंजूर आहे का आणि त्याला कितवा मजला हवा ते लिहा. नसेल तर तो विषय काढू नका. उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून "बेंचमुळे भाव वाढले" हेही बऱ्याच पत्रकांत दिसतं. तुमच्याकडे वकिलांची भाड्याच्या फ्लॅटसाठी खरोखर विचारणा असेल तर तेवढीच लिहा, भावाचं भाकीत नको.

मालकाला एरवी न मिळणारी गोष्ट म्हणजे त्याच्या बिल्डिंगमध्ये नोंदणीकृत दस्तावर खरोखर काय दर पडला ती. त्याने ऐकलेलं असतं, "वरचा फ्लॅट सत्तरला गेला म्हणे." नोंदणी विभागाच्या igrmaharashtra.gov.in वर ई-सर्चमध्ये इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, फुकट बघता येतो. जिल्हा, गाव आणि मिळकत क्रमांक टाकून एकेका वर्षाचा शोध घ्यायचा असतो. नागाळा पार्क ई वॉर्डात येतो. फ्लॅट नंबरने शोधण्यापेक्षा बिल्डिंगच्या सिटी सर्व्हे नंबरने शोधा, आणि काही सापडलं नाही तर जुन्या रिव्हिजन सर्व्हे म्हणजे रि. स. नंबरनेही बघा, कारण दस्तात कधी हा तर कधी तो लिहिलेला असतो. (कॅप्चा बरोबर टाकूनही पहिल्यांदा चूक म्हणतो. पुन्हा टाकायचा.) तीन वर्षांचं काढलं तरी पत्रापुरतं भागतं.

आता या नोंदी जशाच्या तशा उतरवायच्या नाहीत. सगळी चूक होते ती इथेच. उदाहरणादाखल चार नोंदी मिळाल्या असं धरू.

पहिलीत विलेखाचा प्रकार बक्षीसपत्र आहे, बापाने मुलाला दिलेलं. त्यातून दर कळत नाही, ती बाजूला. हक्कसोडपत्र आणि गहाणखत याच यादीत येतात, तीही काढून टाकायची. दुसरी नोंद खरेदीपत्राची. मोबदला ३८,००,००० आणि त्याखालच्या ओळीत बाजारभाव ३७,९६,५००. हा बाजारभाव म्हणजे सरकारच्या वार्षिक दर तक्त्यावरून काढलेलं मूल्य, बाजारातला भाव नव्हे. मोबदला त्याला इतका चिकटून असेल तर किंमत मुद्रांक शुल्काच्या हिशेबाने लिहिली असण्याची शक्यता असते. असा आकडा पुरावा म्हणून वापरू नका आणि "यांनी कमी दाखवली" असं चुकूनही कुठे बोलू नका.

तिसऱ्या नोंदीत मोबदला ४६,५०,०००, क्षेत्रफळ ७९ चौ.मी. बिल्टअप. चौथीत मोबदला ५२,००,०००, क्षेत्रफळ ७०.५ चौ.मी. कार्पेट. चौरस मीटरला १०.७६४ ने गुणलं की चौरस फूट. तिसरा फ्लॅट ८५० फूट, दर ५,४६८ रुपये. चौथा ७५९ फूट, दर ६,८५२. दोन्ही दर घाईने शेजारी ठेवले तर वर्षभरात भाव पंचवीस टक्के चढला असं दिसतं, आणि एजंट तसं छापूनही मोकळे होतात. पण एक बिल्टअप आहे, म्हणजे भिंतींसकट, आणि दुसरा कार्पेट, म्हणजे फक्त आतलं वापरायचं क्षेत्रफळ. जुन्या बिल्डिंगमध्ये मूल्यांकनासाठी कार्पेटच्या १.२ पट बिल्टअप धरायची रीत आहे. त्या हिशेबाने चौथा फ्लॅट ९११ फूट बिल्टअप आणि दर ५,७१०. म्हणजे खरा फरक साडेचार टक्क्यांच्या आसपास. १.२ वर डोळे झाकून विसंबू नका. त्या बिल्डिंगच्या एखाद्या मूळ करारात कार्पेट आणि बिल्टअप दोन्ही लिहिलेले असतील तर त्याच गुणोत्तराने रूपांतर करा. दस्तात सुपर बिल्टअप असेल तर लॉबी-जिन्याचा भार किती धरला होता हे कळल्याशिवाय त्याचा दर काढू नका. पार्किंग किंमतीत धरलं होतं का तेही बघा.

पत्रात मग एवढंच येतं: बिल्टअप फुटाला सुमारे ५,४५० ते ५,७००. ८५० फुटांच्या फ्लॅटला ही रक्कम ४६ लाख ३२ हजार ते ४८ लाख ४५ हजार होते, पण ही एकूण रक्कम पत्रात लिहू नका. मालक वरचा आकडा तेवढा लक्षात ठेवतो आणि पुढे तो तुम्ही दिलेला शब्द ठरतो. फ्लॅट नंबर, नावं, तारखा यांतलं काहीही नको. इंडेक्स टू कुणालाही बघता येतो हे खरं, पण शेजाऱ्याचा व्यवहार छापून चोवीस घरांत वाटणाऱ्या माणसाकडे स्वतःचा फ्लॅट कोण देईल? तुम्ही स्वतः केलेल्या दोन व्यवहारांबद्दल तर जास्तच जपा. "दोन व्यवहारांत मध्यस्थ होतो" यापुढे अक्षर नको.

दुसरी उपयोगाची गोष्ट म्हणजे कागद. तुमच्या दोन व्यवहारांत बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलाने काय मागितलं, कशाने काम अडलं, ते तुम्हाला ठाऊक आहे. ते बाकी बावीस मालकांनाही लागू आहे, कारण इमारतीचा कागद एकच असतो. कोल्हापुरात बऱ्याच बिल्डिंग सोसायटी न होता अपार्टमेंट कायद्याखालच्या घोषणापत्रावर आहेत. ती घोषणापत्राची नक्कल पहिल्या सेक्रेटरीकडे असते आणि तो कधीच पुण्याला गेलेला असतो. भोगवटा प्रमाणपत्र कुणी जपून ठेवलेलं नसतं. घरफाळ्याच्या पावतीवर अजून बिल्डरचं किंवा आधीच्या मालकाचं नाव. मालक वारला असेल तर वारसांपैकी एकाच्या नावाने लाईट बिल येतं आणि घरच्यांना वाटतं फ्लॅट त्याचा झाला. खरेदीपत्रावर सही सगळ्या वारसांची लागते, हे विसार घेतल्यावर कळलं तर व्यवहार तिथेच लटकतो. यातले तुमच्या व्यवहारांत खरोखर लागलेले दोन-तीन कागदच पत्रात घ्या. पंधरा कागदांची यादी दिली तर मालक घाबरून पत्र मिटवतो.

आता नमुना. जिथे टिंबं आहेत तिथे तुमचं भरा. आकडे अर्थातच तुमच्या बिल्डिंगचे टाका.

> आ. श्री. व सौ. ............
> फ्लॅट नं. ...., अमुक अपार्टमेंट, नागाळा पार्क, कोल्हापूर
>
> सप्रेम नमस्कार.
>
> मी ............ . आपल्या इमारतीत गेल्या वर्षी झालेल्या दोन विक्री व्यवहारांत मी मध्यस्थ होतो. त्या कामात इमारतीविषयी जी माहिती जमली ती सर्व मालकांच्या उपयोगाची आहे, म्हणून हे पत्र.
>
> गेल्या तीन वर्षांत आपल्या इमारतीत नोंदलेल्या दस्तांपैकी ज्यांच्यावरून दर काढता येतो असे दोन आहेत. त्यांत बिल्टअप चौरस फुटाला सुमारे ५,४५० ते ५,७०० रुपये दर पडला. हा दर नोंदणी विभागाच्या इंडेक्स टूवरून काढला आहे. मजला, पार्किंग आणि फ्लॅटची आतली स्थिती यांप्रमाणे आपल्या फ्लॅटचा दर याहून कमी किंवा जास्त येऊ शकेल.
>
> दोन्ही वेळी खरेदीदाराच्या बँकेने मागितलेले तीन कागद जमवायला वेळ लागला: इमारतीच्या घोषणापत्राची नक्कल, भोगवटा प्रमाणपत्र आणि सध्याच्या मालकाच्याच नावची घरफाळ्याची पावती. विकायचा विचार नसला तरी हे कागद आपल्या फाइलमध्ये आहेत का ते एकदा पाहून ठेवावे. नसल्यास ते कुठून व कसे मिळतात ते मी सांगेन. त्याचे पैसे घेत नाही.
>
> कधी विक्री करायची झाल्यास माझी दलाली विक्री किमतीच्या १ टक्का, ती खरेदीपत्र नोंदले त्या दिवशी. त्याआधी काही नाही. फोटो आणि जाहिरातीचा खर्च माझा. खरेदीदाराकडूनही मी १ टक्का घेतो, हे दोन्ही बाजूंना आधी सांगतो.
>
> आपला,
> ............
> मोबाईल ............ (सकाळी १० ते १, सायंकाळी ५ ते ८)
> महारेरा एजंट नोंदणी क्र. ............
>
> ता. क. आपला फ्लॅट सध्या दुसऱ्या एजंटकडे विक्रीस दिलेला असल्यास वरील माहिती जरूर वापरावी, मला फोन करण्याची आवश्यकता नाही.

ताजा कलम मुद्दाम आहे. बहुतेकजण सही आणि ता. क. आधी वाचतात. दुसऱ्या एजंटशी बांधलेला मालक फोडायचा प्रयत्न केला की तो एजंट आणि मालक दोघंही दुखावतात, आणि कोल्हापूर काही फार मोठं नाही. "गरज नाही" म्हटल्यावर तो दोन महिन्यांनी स्वतःहून फोन करण्याची शक्यता वाढते.

दलाली खालच्या कोपऱ्यात "माफक" म्हणून लिहू नका, आकडा द्या. तुमचा दर दोन टक्के असेल तर दोन लिहा. जीएसटीची नोंदणी असेल तर "अधिक १८ टक्के जीएसटी" तिथेच यायला हवं, नंतर सांगितलं की भांडण ठरलेलं. महारेरा क्रमांक छापायचा, पण "महारेरा मान्यताप्राप्त" असा डौल नको. नोंदणी महारेरात नोंदलेल्या प्रकल्पांच्या विक्रीसाठी सक्तीची आहे, जुन्या बिल्डिंगचा फ्लॅट त्यात येत नाही, आणि क्रमांकाने तुमच्या कामाचा दर्जा काही सिद्ध होत नाही. फक्त तुम्हाला शोधून काढता येतं. मालकाला तेवढंच हवं असतं.

पत्र ए-फोर कागदाच्या एका बाजूला बसवा, अक्षर चौदा पॉइंटचं. त्या बिल्डिंगमध्ये साठीपुढचे मालक बरेच असणार, दहा पॉइंटचं पत्र ते चष्मा शोधून वाचत बसणार नाहीत. गुळगुळीत रंगीत कागद नको, तो पेपरातून पडलेल्या पत्रकांबरोबर जातो. साधा पांढरा कागद, पाकिटावर नाव आणि फ्लॅट नंबर पेनाने. नावं लॉबीतल्या बोर्डावरून घ्या, पण बोर्ड जुना असतो. विकून गेलेल्या किंवा वारलेल्या माणसाच्या नावाने पाकीट गेलं तर पुढचं कुणी वाचत नाही. वॉचमनकडून एकदा खात्री करा. वाटायला मात्र त्याला देऊ नका. गठ्ठा टेबलाखाली राहतो, तुमचं पहिलं पत्र बहुधा तिथेच संपलं. सेक्रेटरीला भेटून, पत्र आधी दाखवून, स्वतः लेटरबॉक्समध्ये टाका. पेट्या मोडक्या असतील तर पाच रुपयांचं तिकीट लावून साध्या टपालाने पाठवा. चोवीस पत्रांना तिकिटाचे १२० रुपये होतात, आणि पोस्टमनने आणलेलं पाकीट लोक निदान उघडतात.

विकण्याची शक्यता सगळ्यांत जास्त ती बिल्डिंगमध्ये न राहणाऱ्या मालकांची. फ्लॅट भाड्याने दिलेला, स्वतः पुण्यात, बेंगळुरूत किंवा परदेशात. भाडेकरूच्या हातात पत्र पडलं तर तो ते मालकाला का पाठवील? फ्लॅट विकला तर त्यालाच खोली बदलायची आहे. इंडेक्स टूमध्ये खरेदीदाराचा पत्ता असतो, पण तो खरेदीच्या वेळचा, बहुतेकदा निरुपयोगी. सरळ मार्ग असा की बंद पाकिटं सेक्रेटरीकडे द्यायची, वर तिकीट लावून, आणि पत्ता त्यांनीच घालून टाकायचं. तुम्हाला पत्ता मागायची गरज पडत नाही आणि त्यांनाही कुणाची माहिती दिल्यासारखं वाटत नाही. या मालकांच्या पत्रात कागदांच्या परिच्छेदानंतर एक ओळ वाढवा: भाडेकरार संपण्याची तारीख आणि विक्रीची वेळ कशी जुळवायची ते विचारल्यास सांगेन.

वेळेचं म्हणाल तर पितृपक्ष टाळा आणि दिवाळीच्या दहा-बारा दिवस आधी पत्र घरात पोहोचवा. मुलं दिवाळीला घरी येतात आणि "आई-बाबांनी आता इथे एकटं राहायचं की फ्लॅट काढायचा" ही बोलणी तेव्हाच होतात. दुसरं पत्र सहा महिन्यांनी, तेही नवा दस्त नोंदला असेल किंवा १ एप्रिलला दर तक्त्यात बदल झाला असेल तर. सांगण्यासारखं नवीन काही नसेल तर पत्र नाही. आठवड्याने दारोदार जाऊन "पत्र मिळालं का?" विचारणं तर नकोच.

फोन आला की पहिला प्रश्न असतो, "आमच्या फ्लॅटचं किती येईल?" फोनवर आकडा देऊ नका. फ्लॅट बघून, टेपने कार्पेट मोजून, मूळ खरेदीपत्रातल्या क्षेत्रफळाशी ताडून दुसऱ्या दिवशी कागदावर द्या, त्यात तुम्ही धरलेला दर आणि वजावट दिसली पाहिजे. त्या भेटीत पुराची गोष्ट काढा, पत्रात ती घालू नका. नागाळा पार्कचा फ्लॅट म्हटलं की खरेदीदार पहिल्या पाच मिनिटांत विचारतो, २०१९ ला पाणी कुठपर्यंत होतं, २०२१ ला कुठपर्यंत. मालक "आमच्याकडे काही नाही" म्हणाला आणि पार्किंगच्या भिंतीवर ओल दिसली तर खरेदीदार बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही विश्वास ठेवत नाही. पाणी रस्त्यापर्यंत होतं, पार्किंगमध्ये किती फूट होतं, मीटर आणि लिफ्टची मोटर वर घेतली आहे का, याचं उत्तर मालकाकडून लिहून घ्या. ते बिल्डिंगमधल्या पुढच्या प्रत्येक फ्लॅटला कामाला येतं.

फ्लॅट तुमच्याकडे द्यायचं ठरलं की साठ दिवसांची लेखी मुदत मागा, त्यात किमान किंमत, दलाली आणि दर पंधरवड्याला तुम्ही द्यायचा अहवाल. एकच फ्लॅट पाच एजंटांकडे पाच किमतींना असला की खरेदीदार सगळ्यांत खालच्या किमतीवरून बोलायला सुरुवात करतो. हे मालकाला समोर बसून पटतं, छापील पत्रात मात्र "फक्त माझ्याकडेच द्या" असंच वाचलं जातं. संचकारपत्र म्हणजे विसाराचा करार करताना किंमत पन्नास लाख किंवा त्यावर असेल तर खरेदीदार १ टक्का टीडीएस कापणार हेही मालकाला आधीच सांगा. मालक अनिवासी असेल तर कपात वेगळी आणि बरीच जास्त असते, तेव्हा विसार घेण्याआधी त्याच्या सीएशी बोलणं करून घ्या.